पंचाहत्तर हजारांचा फरक कुठून आला?

सामाजिक संस्था अनुदानासाठी ऑनलाइन प्रस्ताव भरते तेव्हा खर्चाचा आकडा निदान तीन जागी लिहिला जातो: अर्जातल्या रकान्यात, प्रस्तावाच्या सारांशात आणि जोडलेल्या अंदाजपत्रकात. अंदाजपत्रक बहुधा एक्सेलमध्ये तयार होतं, पण अपलोड होतं पीडीएफ म्हणून. आकडे दिसतात, त्यामागची सूत्रं मात्र पुसली जातात. त्यामुळे तपासणाऱ्याला सगळी बेरीज नव्याने करावी लागते.

उदाहरणादाखल, गावातल्या महिलांच्या प्रशिक्षणाचा बारा महिन्यांचा एक काल्पनिक प्रकल्प घेता येईल. त्याचं अंदाजपत्रक असं आहे:

समन्वयक: १ × २५,००० × १२ महिने = ३,००,०००
कार्यकर्त्या: ४ × ९,००० × १२ महिने = ४,३२,०००
शिबिरे: २४ × ६,५०० = १,५६,०००
पुस्तिका छपाई: १,२०० × ४५ = ४५,०००
प्रवास: ७,००० × १२ महिने = ८४,०००
प्रशासकीय खर्च, वरील खर्चाच्या १० टक्के = ९४,२००
एकूण = १०,३६,२००

सहाही रकमांची बेरीज केली तर ती ११,११,२०० भरते. म्हणजे लिहिलेल्या एकूण रकमेपेक्षा ७५,००० जास्त. पण ७५,००० रुपयांची एकही बाब यादीत नाही. अनेक तपासनीस इथे अडकतात, कारण ते थेट उभ्या बेरजेला हात घालतात.

आधी प्रत्येक ओळ आडवी तपासावी लागते. १,२०० गुणिले ४५ म्हणजे ५४,०००, छापलेत ४५,०००. टंकताना ५ आणि ४ यांची अदलाबदल झाली. अशा चुकीची एक खूण हिशेबनिसांना पूर्वीपासून ठाऊक आहे: शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की पडणाऱ्या फरकाला ९ ने नेहमी निःशेष भाग जातो. इथला फरक ९,००० आहे. मात्र ही खूण चूक एकटीच असेल तर उपयोगी. ७५,००० ला ९ ने भाग जात नाही, कारण त्यात दोन चुका मिसळल्या आहेत आणि एकीने दुसरीचा आकार झाकला आहे.

छपाईची रक्कम दुरुस्त केल्यावर सहा ओळींची बेरीज ११,२०,२०० होते आणि फरक उरतो बरोबर ८४,०००. तो प्रवासाच्या ओळीशी तंतोतंत जुळतो. फरक एखाद्या बाबीएवढाच निघाला तर ती बाब बेरजेतून सुटली असावी, ही सर्वांत दाट शक्यता. दुपटीने मोजलेली बाबही तेवढाच फरक पाडते, पण तेव्हा लिहिलेली एकूण रक्कम खऱ्या बेरजेपेक्षा जास्त असते.

प्रवास सुटला कसा? मूळ तक्त्यात बेरजेचं सूत्र `=SUM(E2:E5)` असेल आणि प्रवासाची ओळ मागाहून सहाव्या ओळीत घातली असेल, तर अनेकदा सूत्राची कक्षा E5 पाशीच थांबते. ओळ कागदावर येते, बेरजेत येत नाही. दुसरं कारण म्हणजे मजकूर म्हणून साठवलेला आकडा. पीडीएफमधून चिकटवलेल्या रकमांत बऱ्याचदा असं होतं; दिसायला तो आकडाच, पण SUM त्याला वगळतं. `=ISNUMBER(E6)` या सूत्राचं उत्तर FALSE आलं तर शंका उरत नाही.

इथे तपासणी संपत नाही. प्रशासकीय खर्चाचे ९४,२०० रुपये हे ९,४२,००० चे दहा टक्के आहेत, म्हणजे तेही प्रवास वगळूनच काढलेत. पाचही बाबींची खरी बेरीज १०,२६,०००. तिचे दहा टक्के १,०२,६००. खरी एकूण रक्कम होते ११,२८,६००. टक्केवारीच्या ओळीत चूक अशी पुढे वाहत जाते, म्हणून ती ओळ नेहमी शेवटी तपासावी. विदेशी देणगीच्या प्रस्तावात तर तिचं महत्त्व आणखी वाढतं: विदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे.

प्रत्येक फरक ही चूक नसते. पैसे लपवून पूर्ण रुपये दाखवले की एक-दोन रुपयांची तफावत पडते. प्रकल्पाचा एकूण खर्च आणि मागितलेलं अनुदान यांतला फरक संस्थेच्या स्वतःच्या वाट्याचा असू शकतो. तसा तो कुठेतरी लिहिलेला आहे का, हे पाहावं.

तपासणाऱ्याने आकडा स्वतः बदलू नये. १०,३६,२०० मंजूर झाले तर प्रवासाची तरतूद कागदावर राहते आणि पैसे मिळत नाहीत. वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र देताना संस्थेची कोंडी होते. तेव्हा संस्थेला तीन नेमके प्रश्न लिहून पाठवावेत: छपाई ४५,००० की ५४,०००, प्रवास एकूण रकमेत धरला आहे का, आणि दहा टक्के कशावर काढले? सोबत मूळ एक्सेल फाइल मागवावी आणि सुधारित अंदाजपत्रक आलं की अर्ज, सारांश व तक्ता या तिन्ही जागी रक्कम बदलली आहे का, ते पुन्हा पडताळावं.