निफ्टी वर गेला, मग पैसे कुठे गेले?

‘अरे, निफ्टी वर जाणार म्हणालो होतो ना, गेला ना वर? मग माझ्या कॉलमध्ये तोटा का दाखवतोय?’ ऑप्शन ट्रेडिंग करणारा एखादा मित्र ग्रुपमध्ये असेल तर हा प्रश्न तुम्ही ऐकलाच असणार. कदाचित तुम्हीच विचारला असेल. याचं उत्तर ट्रेडिंग अ‍ॅपमध्येच असतं. ऑर्डर टाकण्याआधी दिसणारा पेऑफ ग्राफ किंवा रिस्क ग्राफ आपण उघडतो, ‘फायदा अमर्याद, तोटा मर्यादित’ एवढं वाचतो आणि बंद करतो. खरं तर त्या ग्राफवर दोन रेषा असतात. आपण वाचतो एकच, आणि आपला पैसा बहुतेक वेळ दुसऱ्या रेषेवर चालत असतो.

आधी ग्राफ समजून घेऊ. आडव्या अक्षावर निफ्टीचा भाव असतो, डावीकडे कमी आणि उजवीकडे जास्त. उभ्या अक्षावर तुमचा नफा-तोटा असतो. मधली आडवी रेघ म्हणजे शून्य. तिच्या वर नफा, खाली तोटा. निफ्टी आत्ता कुठे आहे ते दाखवायला एक उभी रेघ असते. इथवर शाळेतलाच आलेख आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे राहावेत म्हणून मानलेले आहेत, पण हिशेब खरा आहे. निफ्टी २५,००० वर आहे. तुम्ही २५,००० च्याच स्ट्राइकचा कॉल विकत घेतला. एक्स्पायरीला १० दिवस आहेत आणि प्रीमियम २३० रुपये. एका लॉटमध्ये किती युनिट हे एक्सचेंज ठरवतं आणि ते बदलत असतं, म्हणून आपण एका युनिटचाच हिशेब करू. ब्रोकरेज आणि करही बाजूला ठेवू.

पहिली रेषा एक्स्पायरीची. ती हॉकी स्टिकसारखी दिसते. निफ्टी २५,००० किंवा त्याखाली बंद झाला तर कॉलची किंमत शून्य आणि तुमचे २३० रुपये गेले. तिथपर्यंत रेषा सपाट. २५,००० च्या पुढे निफ्टीच्या प्रत्येक पॉइंटला एक रुपया परत मिळतो, म्हणून रेषा सरळ वर चढते आणि २५,२३० ला शून्याची रेघ ओलांडते. हाच तुमचा ब्रेकइव्हन. ही रेषा काढायला बेरीज-वजाबाकी पुरते. ती ठाम असते.

दुसरी रेषा आजची. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावर `T+0` असं लिहिलेलं असतं. तिला कुठे कोपरा नाही, ती मऊ वळण घेत जाते. आत्ता निफ्टी २५,००० वर असताना ती बरोबर शून्यावर आहे, कारण २३० ला घेतलेला कॉल आत्ता २३० लाच विकता येईल. म्हणजे आजचा ब्रेकइव्हन २५,००० आणि एक्स्पायरीचा २५,२३०. कॉल तोच, पण ब्रेकइव्हन दोन!

हा फरक येतो कुठून? एक्स्पायरीच्या क्षणी सगळं ठरून गेलेलं असतं. निफ्टी २५,२०० वर असेल तर २५,००० च्या कॉलची किंमत २०० रुपये, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. पण आज निफ्टी २५,२०० वर गेला तर त्या कॉलला साधारण ३४५ रुपये मिळतील. मग वरचे १४५ रुपये कशाचे? शिल्लक दिवसांचे. या १० दिवसांत निफ्टी आणखी वर गेला तर कॉलवाल्याला प्रत्येक पॉइंटचा फायदा आहे. खूप खाली आला तर मात्र त्याचा तोटा दिलेल्या प्रीमियमपाशी थांबतो. वरची बाजू मोकळी आणि खालची बांधलेली असल्यामुळे अनिश्चितता त्याच्या फायद्याची असते, आणि बाजार तिचे पैसे घेतो. यालाच टाइम व्हॅल्यू म्हणतात. क्रिकेटमध्ये तसंच असतं की! ५० धावा हव्यात, १० षटकं बाकी आहेत, तर सामना हातात आहे. त्याच ५० धावा दोन षटकांत हव्या असतील तर लोक टीव्ही बंद करतात.

आता निफ्टी २५,२०० वर आहे एवढं पक्कं धरा आणि फक्त तारीख बदला. आजच तिथे पोहोचला तर नफा सुमारे ११५ रुपये. पाच दिवसांनी पोहोचला तर नफा सुमारे ५३. एक्स्पायरीच्या दिवशी पोहोचला तर ३० रुपये तोटा. तिन्ही वेळा तुमचा अंदाज बरोबर होता, निफ्टी २०० पॉइंट वर गेला होता. फक्त तो कधी गेला, यावर सगळं अवलंबून राहिलं.

ग्राफवर हे कसं दिसतं? रोज आजची रेषा थोडी खाली येते आणि हॉकी स्टिकच्या जवळ सरकते. त्याबरोबर तिचा शून्याला छेदणारा बिंदू उजवीकडे जातो. पहिल्या दिवशी तो २५,००० ला असतो, पाच दिवस उरले असताना साधारण २५,१२० ला आणि शेवटी २५,२३० ला. थोडक्यात, तुमचा ब्रेकइव्हन रोज तुमच्यापासून लांब जातो. निफ्टी त्याच्यापेक्षा वेगाने धावला तरच पैसे मिळतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. रेषा रोज सारख्या अंतराने खाली येत नाही. समजा, निफ्टी २५,००० लाच खिळून बसला. पहिल्या पाच दिवसांत तुमचे साधारण ६७ रुपये जातात. माणसाला वाटतं, अर्धी मुदत संपली आणि दोनतृतीयांशापेक्षा जास्त प्रीमियम शाबूत आहे, थांबू या. पण उरलेले १६३ रुपये पुढच्या पाच दिवसांत जातात, आणि त्यातले ७३ तर शेवटच्या एका दिवसात! कारण स्ट्राइकजवळच्या ऑप्शनची टाइम व्हॅल्यू दिवसांच्या प्रमाणात नाही, तर दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. चौपट दिवसांचा ऑप्शन फक्त दुप्पट महाग असतो. एक्स्पायरी जवळ आली की घसरण कडक होते, ती यामुळे. ‘एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन स्वस्त मिळतात’ असं कुणी सांगितलं तर हे वर्गमूळ आठवा.

ग्राफच्या दोन टोकांना मात्र दोन्ही रेषा जवळजवळ चिकटलेल्या दिसतील. निफ्टी आज २६,००० वर गेला तर नफा सुमारे ७८० रुपये आणि एक्स्पायरीला ७७०. फरक जेमतेम दहाचा. तिथे निकाल जवळपास लागलेला असतो, म्हणून अनिश्चिततेला किंमत नसते. दोन रेषांमधली सर्वांत मोठी फट स्ट्राइकपाशीच सापडते. कॉल विकणाऱ्यासाठी हेच चित्र उलटं होतं. त्याची आजची रेषा हॉकी स्टिकच्या खाली असते आणि रोज वर सरकते. दिवस त्याच्या बाजूने असतात, पण निफ्टी उसळला तर त्याच्या तोट्याला तळ नसतो.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ, कारण एका दिवसात वेळेचा मार एवढा मोठा नसतो. एक्स्पायरीची रेषा ठाम असते, हे आपण पाहिलं. आजची रेषा तशी नाही. ती अंदाज आहे. सॉफ्टवेअर ती ब्लॅक-शोल्ससारख्या सूत्राने काढतं, आणि त्यात एक आकडा घालावा लागतो, तो म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, अर्थात आयव्ही. पुढच्या दिवसांत निफ्टी किती हलेल असं बाजाराला वाटतंय, ते हा आकडा सांगतो. आपल्या उदाहरणात तो १४ टक्के धरला आहे. ग्राफ काढताना सॉफ्टवेअर गृहीत धरतं की हा आकडा उद्याही तोच राहील.

पण बजेट किंवा निवडणूक निकालाच्या आदल्या दिवशी सगळेच घाबरलेले असतात, त्यामुळे आयव्ही फुगलेला असतो. बातमी आली की धाकधूक संपते आणि आयव्ही खाली बसतो. समजा, दुसऱ्या दिवशी निफ्टी १०० पॉइंट वर गेला. आयव्ही १४ च राहिला असता तर नफा सुमारे ४३ रुपये. ग्राफने हेच दाखवलं होतं. पण आयव्ही ११ वर आला तर कॉलची किंमत होते साधारण २२७. म्हणजे निफ्टी १०० पॉइंट वर आणि तुम्ही ३ रुपये तोट्यात! आयव्ही उतरला तेव्हा आजची रेषा अख्खीच खाली बसली. जणू अनेक दिवस एका रात्रीत निघून गेले. एक्स्पायरीची रेषा मात्र जागची हलली नाही.

हे झालंय की नाही, ते ओळखायचं कसं? ऑप्शन चेनमध्ये तुमच्या स्ट्राइकसमोरचा `IV` कॉलम बघा. ऑर्डर टाकताना तो किती होता आणि आत्ता किती आहे? निफ्टी तुमच्या बाजूने जाऊनही प्रीमियम हलत नसेल आणि `IV` बराच उतरला असेल, तर कारण मिळालं. `IV` तिथेच असेल आणि बरेच दिवस गेले असतील, तर पैसे वेळेने खाल्ले.

आणि ऑर्डर टाकायच्या आधी? ग्राफखाली बहुतेक ठिकाणी तारखेचा स्लायडर असतो. तुम्ही कॉल किती दिवस ठेवणार आहात, ते आधी ठरवा आणि स्लायडर त्या तारखेला न्या. त्या दिवशीचा ब्रेकइव्हन कुठे आहे ते वाचा. मग आयव्ही बदलायची सोय असेल तर तो दोन-तीन टक्क्यांनी खाली ओढून पुन्हा वाचा. निफ्टी तेवढ्या दिवसांत त्या नव्या ब्रेकइव्हनच्या पुढे जाईल असं तुम्हाला खरंच वाटतंय का? उत्तर ‘वर तर जाईलच’ एवढंच असेल, तर तुमच्याकडे दिशेचा अंदाज आहे. किती वर आणि कधीपर्यंत, याचा नाही. कॉल विकत घेताना तुम्ही या तिन्हींवर पैसे लावत असता.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. २०२३-२४ मध्ये या ट्रेडर्समधले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे आपल्याच वयाचे. त्या सगळ्यांचा तोटा एका न वाचलेल्या रेषेमुळे झाला, असं कुणी म्हणणार नाही. पण ती रेषा फुकट दिसते आणि ऑर्डर टाकण्याआधी दिसते. स्लायडर सरकवायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यानंतर ऑर्डर न टाकणं हाही एक निर्णयच असतो.