आनुवंशिक संदेश

मातापित्यांकडून अपत्यांकडे जाणाऱ्या व प्रथिनांची घडण ठरविणाऱ्या रासायनिक सूचना. डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल (डीएनए) या रेणूत त्या साठविलेल्या असतात. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये या रेणूची पिळदार शिडीसारखी संरचना मांडली. शिडीच्या प्रत्येक पायरीत दोन क्षारक असतात. ॲडेनिनासमोर थायमीन व ग्वानिनासमोर सायटोसीन येते. त्यामुळे शिडीची एक बाजू दुसरीचा साचा ठरते आणि कोशिका-विभाजनापूर्वी रेणूची प्रत तयार होऊ शकते.

संदेश क्षारकांच्या क्रमात असतो. प्रथिनाच्या सूचना देणाऱ्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल होते. ती नक्कल वाचताना तीन क्षारकांचा प्रत्येक गट एका ॲमिनो अम्लाचा निर्देश करतो आणि ॲमिनो अम्लांच्या साखळीतून प्रथिन बनते. रक्तातील हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो अम्ले असतात. सहाव्या स्थानाच्या गटातील मधल्या ॲडेनिनाच्या जागी थायमीन आल्यास ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन जोडले जाते. एवढ्या फरकाने ऑक्सिजन कमी असताना हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटतात, तांबड्या कोशिका विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. हाच दात्रकोशिका पांडुरोग होय. महाराष्ट्रात तो गडचिरोली, नंदुरबार इ. जिल्ह्यांत आढळतो.

मनुष्याच्या बहुतेक कोशिकांत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. अंडकोशिकेत व शुक्रकोशिकेत मात्र प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र जाते. म्हणून अपत्याला माता व पिता या दोघांकडून प्रत्येक जनुकाची बहुधा एकेक प्रत मिळते आणि ते दोघांशी साम्य दाखविते. कोणते गुणसूत्र जावे, हे यदृच्छेने ठरते. केवळ या निवडीमुळे एका व्यक्तीच्या जननकोशिकांत ८३,८८,६०८ प्रकारचे संच संभवतात. शिवाय जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यामुळे सख्खी भावंडेही एकसारखी नसतात. एका फलित अंड्यापासून झालेली जुळी मात्र यास अपवाद होत.

वरील जनुकाची एक सामान्य व एक बदललेली प्रत असलेली व्यक्ती वाहक असते व सहसा निरोगी राहते. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाची शक्यता १/४, वाहक असण्याची १/२ व दोन्ही प्रती सामान्य असण्याची १/४ असते. पहिले अपत्य रुग्ण असल्याने पुढील अपत्याची शक्यता घटत नाही. याप्रमाणे निरोगी दांपत्यास रुग्ण अपत्य होऊ शकते. अशा दांपत्याचे वाहकत्व बाह्य लक्षणांवरून ओळखता येत नाही. रक्तातील हीमोग्लोबिनाचे विद्युत् क्षेत्रात पृथक्करण केल्यास वाहकात दोन्ही प्रकारांचे पट्टे दिसतात, तर रुग्णात सामान्य प्रकाराचा पट्टा आढळत नाही.