माहिती आठपैकी आठ, विश्लेषण आठपैकी एक

‘सर, सगळं बरोबर लिहिलंय, मग गुण कुठे गेले?’ निबंध परत मिळाल्यावर हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त असतो. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीला २० पैकी १२ गुण पडले. तिचा निबंध वर्गात सर्वांत वाचनीय होता, म्हणून नुसता आकडा न देता मी तिला सविस्तर शेरा लिहून दिला.

विषय होता, ‘१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्र शासनाने केलेल्या उपायांचे मूल्यमापन करा.’ तिने अभ्यास चोख केला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे मजूर, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, सुकडीचे वाटप, वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना, १९७७चा कायदा आणि १९७९पासून झालेली त्याची अंमलबजावणी, सारे काही त्यात होते. माहितीला मी ८ पैकी ८ दिले, भाषा आणि मांडणीला ४ पैकी ३. विश्लेषणाला मात्र ८ पैकी १.

शेऱ्यात मी तिच्याच एका वाक्यावर बोट ठेवले. तिने लिहिले होते, ‘मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. यावरून शासनाचे उपाय किती महत्त्वपूर्ण होते हे दिसते.’ त्याखाली माझा मजकूर असा:

‘आकडा बरोबर आहे, पण तो दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. एवढ्या लोकांपर्यंत काम पोहोचले, हे शासनाचे यश म्हणता येईल. एवढ्या लोकांना खडी फोडावी लागली, म्हणजे शेती पार कोलमडली होती, असेही म्हणता येईल. तू कोणता अर्थ घेतेस आणि का, हे लिहिलेले नाही. “महत्त्वपूर्ण” हे विशेषण आहे, कारण नव्हे. मजुरी रोख मिळाल्यामुळे काय झाले, याचा विचार कर. पीक बुडाले की मजुराची कमाईही बुडते आणि दुकानात धान्य असले तरी त्याला ते घेता येत नाही. कामाच्या मजुरीने ती खरेदीची ताकद काही प्रमाणात परत दिली. हे लिहिले असतेस तर ५० लाखांचा आकडा तुझ्या मुद्द्याला टेकू झाला असता.’

पुढे मजुरीच्या दराचा मुद्दा होता. ‘मजुरी कमी होती’ एवढे लिहून ती पुढच्या परिच्छेदाकडे वळली होती. खरे तर निबंधातली सर्वांत श्रीमंत जागा हीच. कमी मजुरी आणि अंगमेहनतीचे काम असले की ज्याला दुसरा आधार आहे तो तिकडे फारसा फिरकत नाही. खरा गरजू कोण, हे अधिकाऱ्याला ठरवत बसावे लागत नाही. ही त्या पद्धतीची ताकद. पण त्याच कारणाने म्हातारी, आजारी आणि अपंग माणसे बाहेर राहतात, कारण त्यांना खडी फोडता येत नाही. एकाच गोष्टीतून फायदा आणि मर्यादा दोन्ही कशा निघतात, हे दाखवणाऱ्या चार वाक्यांना मी सहज दोन-तीन गुण दिले असते.

मूल्यमापन करायचे तर आधी माप ठरवावे लागते. जीव वाचले का, हे एक माप. बांधलेले तलाव पुढे उपयोगी पडले का, हे दुसरे. संकट सरल्यावरही कामाचा हक्क टिकला का, हे तिसरे. मापे बदलली की निकाल बदलतो. तिसरे माप लावले असते, तर १९७५च्या व्यवसाय कराचा तिने उल्लेखापुरता घेतलेला मुद्दा केंद्रस्थानी आला असता. शहरातल्या पगारदारांकडून कर घेऊन खेड्यातल्या मजुरीसाठी कायमचा निधी उभा राहिला, म्हणून ही योजना दुष्काळानंतरही चालू राहिली.

विश्लेषण नाही हे विद्यार्थ्याने स्वतः कसे ओळखावे? निबंधातले मधले दोन परिच्छेद वर-खाली करून पाहावेत. काहीच बिघडले नाही, तर ती नुसती यादी आहे. तिचे सुकडी आणि पाझर तलाव यांवरचे परिच्छेद मी असे बदलून पाहिले. निबंध होता तसाच राहिला. एक सावधगिरीही शेऱ्यात लिहिली: विश्लेषण म्हणजे शेवटी ‘माझ्या मते’ जोडणे नव्हे. मत आणि पुरावा यांच्यामधले ‘कारण’ लिहावे लागते आणि त्यासाठी जागा करायची तर थोडी माहिती गाळावी लागते. तिने कामांचे प्रकार वर्णन करण्यात पानभर खर्च केला होता. तिथे पाच ओळी पुरल्या असत्या.

निबंध तपासणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. समासात ‘विश्लेषण कमी’ एवढेच लिहून गुण कापू नका. निदान एका वाक्यापुढे नेमके काय यायला हवे होते, ते लिहून दाखवा.