तीन ताऱ्यांचे वजन

गेल्या मार्गशीर्षात कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घेऊन आम्ही सहकुटुंब पुण्याकडे परतत होतो. साताऱ्याच्या अलीकडे एका नव्या भोजनगृहावर ‘जैन थाळी मिळेल’ अशी पाटी दिसली. सूर्यास्ताला तासभर अवकाश होता, म्हणून थांबलो. थाळी यायला पस्तीस मिनिटे लागली. वरण पातळ, फुलके कोमट, दुधीची भाजी अगदी साधी. मात्र कांदा, लसूण, बटाटा कशातच नव्हता. दर पाटीवर होता तेवढाच घेतला, आणि दिवस मावळण्यापूर्वी आमची जेवणे उरकली.

गाडीत बसताच चिरंजीवांच्या मोबाइलवर गूगलने अभिप्राय मागितला. “वाईट नव्हते, चांगलेही नव्हते. तीन तारे देतो. बरोबर ना, बाबा?”

वरवर पाहता पाचापैकी तीन म्हणजे मध्यम. मी त्याला आधी एकूण अभिप्राय मोजायला सांगितले. ते दहाच होते: नऊ जणांचे पाच तारे आणि एकाचे चार. सरासरी ४.९. आमचे तीन तारे मिळवले की बेरीज बावन्न, अभिप्राय अकरा आणि सरासरी ४.७. पुन्हा ४.९ दिसायला त्या माणसाला पाच ताऱ्यांचे आणखी नऊ-दहा अभिप्राय मिळवावे लागले असते. हजार अभिप्राय असलेल्या जुन्या हॉटेलला हेच तीन तारे दिले, तर दशांशातला आकडा बहुधा हलतही नाही. म्हणजे आपले मत तेच, पण त्याचे वजन समोरच्याच्या तराजूवर ठरते.

दुसरी गोष्ट अर्थाची. अशा ठिकाणी फार खूश झालेले किंवा फार चिडलेले ग्राहकच प्रामुख्याने लिहितात, आणि त्यांतही पाच तारे देणारे अधिक असतात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेला तीन तारे ‘ठीक’ असे दिसत नाहीत, ‘काहीतरी बिघडले असावे’ असे दिसतात. आमच्या भांड्यांच्या दुकानाला एकदा कोणी एक शब्दही न लिहिता तीन तारे दिले होते. दर चुकला, वागणूक चुकली की माल, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. सुधारायचे काय, हेच न सांगणारा तो ठपका होता.

यावर चिरंजीवांनी रास्त शंका काढली: “मधल्या अनुभवाची सगळीच माणसे गप्प राहिली, तर चित्र खोटे होणार नाही का?” होईल. म्हणून मौन हा सरसकट नियम नव्हे. माझी कसोटी अशी: माझ्या लिहिण्याने पुढच्या माणसाचा निर्णय बदलेल, अशी काही माहिती माझ्यापाशी आहे का? जैन थाळी सांगून बटाटा वाढला असता, पाटीपेक्षा अधिक पैसे घेतले असते किंवा अन्न शिळे असते, तर पहिल्याच भेटीत लिहिणे कर्तव्य होते. तिथे दुकानाच्या लहानपणाची दया करणे म्हणजे पुढच्या प्रवाशावर अन्याय. पण एका संध्याकाळचे पातळ वरण रोजचे आहे की त्या दिवसापुरते, हे एका भेटीत कळत नाही. जे कळले नाही, त्याचा आकडा जाहीर करू नये. आणि आपल्याच धंद्यातल्या दुसऱ्या दुकानाविषयी मात्र व्यापाऱ्याने नेहमीच गप्प बसावे. स्पर्धकाची पत घसरवणारे लेखन गूगलच्या नियमांतही बसत नाही.

जाहीर मौन म्हणजे मालकापाशीही मौन, असे नाही. बिलावरच्या क्रमांकावर मी फोन करून वरण, फुलके आणि उशीर या तिन्ही गोष्टी सांगितल्या. मालक म्हणाले, “साहेब, जैन थाळीचे वरण-भाजी आम्ही मागणी आल्यावर वेगळ्या भांड्यात करतो, म्हणून वेळ लागतो. अर्धा तास आधी फोन केलात, तर तयार ठेवू.”

चैत्रात त्याच वाटेने जाताना आधी फोन केला. दहा मिनिटांत गरम पान समोर आले. वरण अजूनही थोडे पातळच होते. त्या रात्री चिरंजीवांनी चार तारे देऊन लिहिले: “जेवण साधे. जैन थाळी कांदा-लसूण-बटाट्याविना, वेगळ्या भांड्यात करतात. अर्धा तास आधी फोन करावा, नाहीतर वाट पाहावी लागते. दोनदा जेवलो.”

सूर्यास्ताआधी पोहोचण्याच्या घाईत असलेल्या कुटुंबाला यातला ‘अर्धा तास’ उपयोगी पडेल. मार्गशीर्षातल्या त्या तीन ताऱ्यांत तो नव्हता.