मोड की गुदभ्रंश?

सकाळी ९.००
ओपीडीतले पहिले पेशंट रिक्षाचालक. संडासच्या वेळी लालभडक रक्त पडतं, मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. ही दुसऱ्या पायरीची मूळव्याध. इसबगोल, भरपूर पाणी, संडासात मोबाइल नेणं बंद. एवढ्यानं भागलं नाही तर रबर बँड लावू. ऑपरेशनचा प्रश्न येतो तो मोड हातानं आत ढकलावा लागला किंवा कायम बाहेरच राहिला तर.

१०.३०
अडुसष्ट वर्षांच्या आजी सुनेबरोबर आल्या आहेत. बरेच दिवस मूळव्याधीचं मलम चालू आहे. सून हळूच सांगते, ‘‘सर, चिकट पाणी येतं, कपडे खराब होतात. कधी संडासही आवरत नाही.’’ कुशीवर झोपवून तपासलं तर बाहेर काहीच दिसत नाही. बोटाला मात्र गुदद्वाराची पकड सैल लागते. तपासणी इथेच थांबवली तर निदान हुकतं, कारण झोपल्यावर गुदाशय आत सरकलेला असतो.

११.००
‘‘आजी, सिस्टरबरोबर संडासात जा, उकिडवं बसून जोर करा, बाहेर आलं की हाक मारा.’’ हाक येते. पाच-सहा सेंटिमीटरचा लालसर गोळा, त्यावर कांद्याच्या चकतीसारख्या एकात एक गोल वळ्या, मधोमध छिद्र. चिमटीत धरल्यावर भिंत दुहेरी, जाड लागते. गुदाशयच सगळ्या थरांसकट बाहेर आलेला आहे, म्हणजे हा खरा गुदभ्रंश. मूळव्याधीत वेगवेगळे फुगे दिसतात आणि त्यांच्यामधल्या खाचा मध्यापासून बाहेर जातात. इथे बँड किंवा मलमाचा उपयोग नाही. मोठ्या माणसातल्या अशा गुदभ्रंशाला सर्जनचं मूल्यमापन लागतंच.

१२.३०
कॅज्युअल्टीतून फोन. तरुण मुलगा, मोड अडकून निळसर सुजलेत, बसवत नाही. आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. एवढं दुखतंय म्हणजे मोड आवळले गेलेत, रक्त गोठलंय. ताबडतोब भरती.

३.००
आजींच्या ऑपरेशनची चर्चा. आतड्यात गाठ नाही ना, हे पाहायला आधी कोलोनोस्कोपी. पोटातून गुदाशय वर ओढून माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधला तर तो पुन्हा बाहेर येण्याची शक्यता कमी; पण आजींचं हृदय नाजूक. खालून केलेलं ऑपरेशन शरीराला सोसतं, मात्र त्रास परतण्याची शक्यता जास्त. भूलतज्ज्ञांचं मत आल्यावर ठरेल.

५.००
सुनेला समजावतो, ‘‘ऑपरेशननंतर संडासवरचा ताबा बऱ्याच जणांचा सुधारतो, पण खात्री देता येत नाही. तोवर बाहेर आलं तर आजींना झोपवा, ओल्या फडक्यानं हळूहळू आत दाबा. आत जाईना, काळंनिळं पडलं किंवा खूप दुखायला लागलं, तर तारखेची वाट बघू नका, त्याच वेळी कॅज्युअल्टीत या.’’