सिंहगड चढून बॅटरी घरी पोचेल का?

विजेच्या सायकलच्या जाहिरातीत '50 किलोमीटर' लिहिलेलं असतं. कोणाचं वजन धरून, कुठल्या रस्त्यावर, हे मात्र नसतं. तो हिशेब आपणच केलेला बरा. स्वारगेट ते सिंहगड आणि परत, साधारण 60 किलोमीटर, हे उदाहरण घेऊ.

बॅटरीवर 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास असं छापलेलं असेल तर गुणाकार करा: 360 वॉट-तास. ही झाली टाकी. त्यातली शेवटची धार वापरता येत नाही, म्हणून 320 धरू.

75 किलोचा माणूस आणि 25 किलोची सायकल, एकूण 100 किलो. ताशी 22 किलोमीटरच्या आसपास, निम्मा जोर पायांचा आणि निम्मा मोटरचा असेल, तर सपाटीला बॅटरीतून किलोमीटरला सुमारे 4 वॉट-तास जातात. घाट उतरताना मोटर लागत नाही. ते आठेक किलोमीटर वगळले की उरतात 52, म्हणजे 208 वॉट-तास.

आता चढ. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, गड 1300 वर. 100 किलो ओझं 740 मीटर उचलायला 200 वॉट-तास लागतात. यात पळवाट नाही. निम्मं पायांनी दिलं तरी मोटर आणि तिचा कंट्रोलर पाव भाग उष्णतेत घालवतात, म्हणून बॅटरीतून 134 जातात. बेरीज 342. टाकीत 320. शहरात परत आल्यावर, घर जवळ आलं असताना, सायकल मान टाकणार.

स्वार 95 किलोचा असेल तर? सपाटीला खर्च दहा टक्केही वाढत नाही, कारण तिथे मुख्य झगडा वाऱ्याशी असतो. चढावर मात्र ओझं पाचव्या हिश्श्याने वाढलं की खर्चही तेवढाच वाढतो. एकूण आकडा 385 च्या घरात जातो.

म्हणून वाचवायचं ते सपाटीला. असिस्ट उतरवून मोटरचा वाटा एक तृतीयांश केला, की तिथला खर्च 139 वर येतो, आणि 75 किलोवाल्याची फेरी 273 मध्ये बसते. नुसता थ्रॉटल पिळणाऱ्याने गडाचा विचार सोडावा. त्याचा हिशेब दुप्पट होतो.

एक खोच आहे. घाटात चाक फार हळू फिरू लागलं की हब मोटरची कार्यक्षमता ढासळते, आणि पाव भागाचा आपला अंदाज चुकतो. चढ संपल्यावर हबला बोट लावून पाहा, जपून. चटका बसला तर जास्तीची वीज कुठे गेली ते कळेल. चढावर डिस्प्लेवरच्या रेघाही झपाट्याने उतरतात, कारण जास्त करंट ओढला की व्होल्टेज दबतं. दहा मिनिटं थांबून मग रेघा मोजा. तो आकडा जास्त खरा असतो.