कॉट सोडताना हातात किती?

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर राहतात. नवीन मुलगा जागा बघायला येतो, गादी दाबून पाहतो, वाय-फायचा वेग विचारतो. डिपॉझिट परत कसं मिळतं हे मात्र तो विचारत नाही, आणि विचारलं तरी मालकालाच. हे विचारावं जागा सोडून गेलेल्या मुलाला. तिथे राहणारा सांभाळून बोलतो; त्याचे पैसे अजून अडकलेले असतात.

एक नमुन्याचा हिशोब मांडू. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट पंधरा हजार, महिन्याची नोटीस ठरलेली. मुलानं १० मे रोजी कळवलं आणि ३१ मेला कॉट सोडली. मालकानं नोटिशीपोटी पूर्ण महिना ७,५००, रंगाचे २,०००, सफाईचे ५०० आणि लाइट बिलाचे ६०० कापून ४,४०० रुपये हातावर ठेवले.

आता न्यायानं बघा. नोटीस कमी पडली ती नऊच दिवस. रोजच्या २५० रुपयांनी २,२५० होतात. लाइट बिल वापरलेलंच, ते द्यावं. वर्षभरात भिंत मळणारच, तो रंग मालकाचा खर्च. मुलानं खिळे ठोकून गिलावा पाडला असेल तर गोष्ट वेगळी. सफाईचंही तेच. म्हणजे १२,१५० परत यायला हवेत. त्यातही १ जूनला त्या कॉटवर दुसरा मुलगा आला असेल, तर नऊ दिवसांचे पैसे मागणंही मला हावरटपणाच वाटतो. मात्र ‘नोटीस अपुरी असल्यास एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ असं करारात लिहून सही घेतली असेल, तर मालकाची बाजू जड होते. म्हणून सही करण्याआधी हीच ओळ शोधावी.

जेवण रविवारी चाखू नये. दुपारी फीस्ट असते आणि बहुतेक मेसला रात्री सुट्टी, तो खर्च वेगळा. गुरुवारी रात्री साडेनऊला जा. तेव्हाची आमटी खरी. सुरक्षेसाठी कॅमेरे मोजण्यापेक्षा रात्री जिन्याच्या ग्रिलला कुलूप लागतं का आणि आग लागली तर किल्ली कोणाकडे, हे विचारा. किल्ली खाली राहणाऱ्या काकांकडे असेल, तर ती जागा माझ्या लेखी नापास. रूममेटबद्दल एवढंच, की रात्री दिवा किती वाजता बंद होतो ते आधी ठरवून घ्यावं. नियम तोंडी असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

राहायला गेल्या दिवशीच भिंत, गादी, कपाट, नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. डिपॉझिट रोख दिलं तर पावती घ्यावी. सोडताना कपातीचा हिशोब लेखी मागितला की रंगाचा आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो. नाहीच आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, पण फोटो आणि पावती लागतेच.